सातबारा भिकुबाईचा

पुतण्या नवल केळीच्या ट्रकवरून झालेल्या मारामारीत आत गेला, तेव्हा हिलालने गावात छाती ठोकून सांगितलं होतं, "जामीन मी राहतो." अमळनेरच्या कोर्टात तो स्वतःचं आधार कार्ड अन् फोटो घेऊन आला. वकिलाने सातबारा पाहून कपाळाला हात लावला. "अहो, जमीन तर काकूंच्या नावावर! कागद अन् सही त्यांचीच लागणार."

म्हणून सोबतीला आलेली त्याची बायको भिकुबाई न्यायाधीश साहेबांपुढे उभी राहिली. एवढ्या उंच खुर्चीवरून कुणी तिच्याशी बोलेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"आणखी कुणाला जामीन आहात?"

"नाही साहेब," हिलाल बोलला.

"तुम्हाला विचारलं नाही. बाई, हा नवल तारखेला आला नाही, तर जामीनपत्राचे पंचवीस हजार तुमच्याकडून वसूल होतील. त्याच्या गुन्ह्याची शिक्षा तुम्हाला नाही. तो हजर राहील, ही हमी तुमची. पुढे नकोसं वाटलं तर अर्ज करून मोकळ्या होऊ शकता. मग त्याला दुसरा जामीनदार द्यावा लागेल, नाहीतर आत जावं लागेल. जामीन राहता?"

वकील, पोलीस, हिलालही तिच्याकडे पाहत होते. एवढं मोठं कोर्ट तिच्या एका शब्दासाठी थांबलं होतं.

ती पोलिसाशेजारी उभ्या नवलकडे वळली. "तारीखले येशी ना?"

कधी तिला धड ओ न देणाऱ्या नवलने हात जोडले. "येसू, काकू."

तिने पदर सावरला.

"राहते, साहेब."