कडी आणि शेवटचा हप्ता

आबा न्हाणीघरात घसरून पडले, खुब्याचं हाड जोडून वॉकर घेऊन घरी आले, आणि तेव्हापासून त्यांना आंघोळ घालायला मुलगा लागे. एवढा करारी माणूस, पण पाटावर डोळे गच्च मिटून बसायचा. सुनेला ते बघवेना. तिनेच धावपळ करून ठेकेदार गाठला, न्हाणीघर नवं करायचं कोटेशन मागवलं. आकडा खिशाला झेपणारा होता. आता सही तेवढी बाकी होती.

नेमकी त्याच दिवशी नणंद आली. ताई बांधकाम कंपनीत अशीच कोटेशनं तपासायची. ठेकेदार चहा पीत समोरच बसला होता. ताईने कागद वाचला, सुनेच्या हातात दिला आणि आबांचा वॉकर उचलला.

"आता मी आबा. मी जे करीन ते कागदात शोध."

झाली ताईंची नाटकं सुरू, सून मनात म्हणाली.

वॉकर न्हाणीघराच्या दारातच अडकला. "दार रुंद करणं?"

सुनेने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नव्हतं.

ताई आडवी होऊन आत शिरली. "पायाखाली काय?"

"चांगल्या प्रतीची फरशी."

"चांगल्या फरशीवरूनच आबा पडले की!" मग ती ठेकेदाराला म्हणाली, "ओली झाली तरी न घसरणारी हवी. फरशीची कंपनी आणि मॉडेल नंबर लिहा."

तिचा हात भिंतीकडे गेला आणि हवेतच मिटला. धरायचा दांडा कागदात नव्हता. तिने तांब्या ओतल्यासारखं केलं. फरशीखालचं वॉटरप्रूफिंगही कागदात नव्हतं. फोडलेला राडारोडा कोण उचलणार, तेही नव्हतं.

हाच कागद सुनेने किती वेळा वाचला होता! पण ताई तर अजून न झालेल्या न्हाणीघरात खुशाल वावरत होती, आणि आता सुनेलाही ते दिसायला लागलं, भिंतीवरच्या थेंबांसकट. माणसाला असंही वाचता येतं? ती थक्क झाली.

"आणि पैसे?" ताई बाहेर आली. "साठ टक्के आधी, तीस फरशी येताच, दहा नळ बसवताना. म्हणजे नळ सोडून बघायच्या आत तुम्ही मोकळे, आम्ही बसतो हात चोळत."

"मालाला पैसे लागतात हो ताई. पदरचे किती घालू?"

"मालापुरते आधी घ्या ना. बाकीचे काम होईल तसे. पाणी तुंबवून ठेवायचं, खालच्या घरात गळलं नाही की एक हप्ता. आणि शेवटचा..."

"शेवटचा मी सांगतो," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आबा म्हणाले. "मी आतून कडी लावून एकट्याने आंघोळ केली की."

ठेकेदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग पेन काढलं. "कडी बाहेरूनही उघडेल अशी बसवतो आबा. वेळ काही सांगून येत नाही." नवा आकडा बराच वाढला. सुनेने नव्या सोफ्याचा बेत रद्द केला.

काम संपलं त्या सकाळी ठेकेदारासकट सगळे दाराबाहेर उभे होते. आतून कडी लागली. बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं. सुनेचा हात दाराकडे गेला, तो ताईने धरला.

मग आतून आबांचा आवाज आला, पूर्वीचा, करारी.

"उभे काय राहिलात? त्याचे पैसे देऊन टाका. मला अजून वेळ लागेल."