पाण्याच्या तोंडाबरोबर

कालव्यातून निघालेल्या चारीच्या अगदी शेवटाला आक्काचं रान होतं. इतकं शेवटाला, की तिथं पोचेपर्यंत पाणी आपण कुठून निघालो हेच विसरून जायचं, असं लोक म्हणत. लोक म्हणजे बहुतेक आक्काच.

नियम तसा तिच्या बाजूचा होता. पाणी वापर संस्थेनं ठरवलंच होतं, की पाळी शेपटाकडून सुरू करायची, वरच्यांनी मागून घ्यायचं. पहिला मान आक्काचा. पण वरचं मुख्य दार उघडलं की तिचे तास मोजायला सुरुवात व्हायची, आणि कोरडी चारी आपली तहान भागवून पाणी खाली सोडेपर्यंत त्यातला निम्मा वेळ सरायचा. मागच्या पाळीला अर्धं रान भिजलं आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं पाळी संपल्याचं सांगितलं. या वेळी गहू चिकात आला होता. हे पाणी अपुरं पडलं तर ओंबीत दाण्याऐवजी फोलपट भरणार होतं.

म्हणून ती संस्थेच्या खोलीत बैठकीला येऊन बसली होती. अध्यक्षांची पिठाची गिरणी होती; तिच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे ते शांत खोलीतही ओरडूनच बोलत.

"आक्कांचं म्हणणं, घड्याळ त्यांच्या रानाच्या दारात पाणी आल्यावर लावा," ते ओरडले.

"आणि चारी भरायचा वेळ कुणाच्या माथी?" भावजींनी विचारलं. आक्काचे सख्खे दीर, आणि रान मुख्य दाराला खेटून. पाण्याची वाट पाहणं म्हणजे काय, हे त्यांना ऐकूनच माहीत. "वहिनी, उताराचं पाणी आहे. सोडलं की पळत सुटतं."

"मग पळा की एकदा त्याच्याबरोबर," आक्का म्हणाली. "पाण्याच्या तोंडाबरोबर चालत या माझ्या बांधापर्यंत. पुढं जायचं नाही, मागं राहायचं नाही. पळून दमलात तर बैठकीचं मी ऐकेन."

सगळे हसले, त्यामुळे भावजींना नाही म्हणता येईना.

सकाळी पाटकऱ्यानं दार उचललं आणि भावजी ऐटीत निघाले. पहिल्या वळणापर्यंत ऐट टिकली. मग पाणी एका भेगेत शिरलं आणि बाहेर यायचं नावच घेईना. भावजी थांबले. पुढं उंदराचं बीळ लागलं. त्या बिळानं एवढं पाणी पिऊन टाकलं, की आत उंदरांचं लग्न असावं. एक गोगलगाय पाण्याच्या पुढं निघून गेली. ती मागं वळून भावजींकडे बघून हसली, असं आक्का सांगते. खोटं वाटत असेल तर गोगलगायीला विचारा. भावजी बांधावर बसले, उठले, बसले. एका बाभळीखाली तर त्यांचा डोळा लागला, आणि जागे होऊन बघतात तर पाणी दोन हात सरकलेलं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा ते आक्काच्या बांधावर पोचले.

"पळालात वाटतं," आक्का म्हणाली. "घामेजलात."

भावजींनी पायातला काटा काढला. मागोमाग आलेल्या अध्यक्षांना म्हणाले, "घड्याळ आत्ता लावा. चारी भरायचा वेळ सगळ्यांच्या पाळीतून, ज्याच्या त्याच्या रानाच्या मानानं कापा."

आक्का समाधानानं खोरं उचलणार, तोच ते पुढं म्हणाले, "पण एक. वहिनींची पाळी संपली, की वरचा शेजारी आपल्या दाराच्या खालच्या अंगाला चारीत बांध घालणार. त्या बांधाखाली चारीत उभं असलेलं पाणी कुणाच्या रानात निथळतं?"

आक्कानं खोरं पुन्हा खाली टेकवलं. ते पाणी तिला वर्षानुवर्षं मिळत होतं आणि ती त्याबद्दल कुणाजवळ अवाक्षर बोलली नव्हती.

"माझ्याच," ती म्हणाली. "त्याचा वेळ माझ्यातून कापा. भरायचा धरलात तर निथळायचाही धरा."

"अर्धा दिवस चालल्यावर सुचतं बरं का माणसाला," भावजी म्हणाले.

किती कापायचा, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. पाटकऱ्यानं अंदाज सांगितला आणि तो सगळ्यांनी मानला. आक्कानं खोऱ्यानं माती ओढून वाफ्यांची दारं मोडायला सुरुवात केली. वाफ्यामागून वाफा भरत गेला. शेवटचे चार वाफे कोरडे असताना वर बांध पडला.

भावजी घरी गेले नव्हते. दोघं बांधावर उभी राहून चारीतलं पाणी उतरताना बघत होती. एक वाफा भरला. दुसरा भरला. तिसऱ्याला धार बारीक झाली, तरी तोही कसाबसा भरला. चौथ्यात पाणी निम्म्यावर आलं आणि मातीत मुरून गेलं.

"वेळ जास्त कापला," भावजी म्हणाले.

"अर्धा वाफा," आक्का म्हणाली. मागच्या खेपेला अर्धं रान राहिलं होतं.

"अध्यक्षांना सांगतो. पुढच्या पाळीला तेवढा वेळ कमी कापायचा."

"मीच सांगते, नाहीतर तुम्ही पाव वाफा सांगाल," ती म्हणाली, आणि चिखलानं भरलेलं खोरं चारीच्या उरल्यासुरल्या पाण्यात धुऊ लागली.