होल्ड म्हणजे नेमकं काय

वीस वर्षं वजनकाटे तपासत आलेल्या त्या बाईला ओळखीतले सगळे काटेवालीच म्हणत. नाजूक काट्यावर प्रमाणित वजन चिमट्याने ठेवायचं, आकडा स्थिर व्हायची वाट बघायची आणि चूक किती ते दाखल्यावर लिहायचं, हे तिचं काम. आकडा स्थिर होत नसेल तर दाखला द्यायचा नाही, हा तिथला नियम. आणि अशी ही बाई नऊ आठवडे एका न ठरणाऱ्या आकड्याकडे बघत बसली होती.

तिची प्रयोगशाळा पुढच्या महिन्यात चार तासांवरच्या गावी हलणार होती. येणार की नाही, ते शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. घरी वडील. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर काठी घेऊन चालणारे, पण हट्टाला कसलीच काठी न लागणारे. "मी या घरातून हलणार नाही," हे त्यांचं एकच वाक्य. म्हणून तर तिने घरापासून दहा मिनिटांवरच्या औषध कंपनीत अर्ज केला होता. तीन मुलाखती छान झाल्या. मग मेल आला: भरती गोठवल्यामुळे जागा तूर्तास होल्डवर आहे, काही बदल झाल्यास कळवू.

होल्ड! नाही म्हणायला जीभ रेटत नाही आणि हो म्हणायला अधिकार नाही, अशा माणसांनी शोधून काढलेला शब्द. तिने आभार मानले. तीन आठवड्यांनी नम्रपणे विचारलं, पुन्हा तीन आठवड्यांनी त्याहून नम्रपणे. उत्तर दोन्ही वेळा तेच, फक्त तारीख वेगळी. रोज संध्याकाळी ती चपला काढते न काढते तोच वडील विचारत, "आलं का काही?"

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सरळ फोन लावला. भरतीचं काम बघणारी मुलगी पलीकडे होती. तिचाही आवाज दमलेला होता.

"मॅडम, होल्ड आहे. माझ्या हातात काही नाही हो."

"हरकत नाही. एकच सांगा, ही जागा नवी आहे की कुणाच्या जागी?"

"नवी. नव्या जागाच गोठवल्यात."

"मग मला काट्यांची खोली दाखवणारे ते जाड चष्म्याचे काका? या महिन्याअखेर निवृत्त होणार, म्हणाले होते. त्यांचं काम कोण करणार?"

पलीकडे कीबोर्ड वाजला.

"त्यांचं पद ऑपरेटर होतं," मुलगी हळूच म्हणाली. "तुमच्यासाठी ते तंत्रज्ञ करायचं होतं. पदाचं नाव बदललं म्हणून मी फॉर्मवर 'नवी जागा' भरलं. 'बदली माणूस' भरलं असतं तर विभागप्रमुखांच्या विनंतीवर सूट मिळाली असती. ही माझीच चूक आहे."

काटेवालीला राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं. चूक कबूल केलेली तिने नऊ आठवड्यांत पहिल्यांदाच ऐकली.

"आता दुरुस्त करता येईल? आमची प्रयोगशाळा दुसऱ्या गावी चाललीय, येणार की नाही ते मला शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

"आजच करते. पण माझ्या भरवशावर तिकडे नकार कळवू नका. मंजुरीशिवाय मी काही लिहून देऊ शकत नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत जे असेल ते सांगते. होल्ड म्हणणार नाही."

त्या तीन दिवसांत तिने एक काटा दोनदा तपासला आणि एक दाखला चुकीच्या तारखेने लिहिला. जीव टांगणीला लागला होता, आणि त्यात आशाही होती, हे जास्त वाईट.

शुक्रवारी तीन वाजता फोन आला.

"मॅडम, फॉर्म दुरुस्त झाला. विभागप्रमुखांनी सहीही केली. मग हिशेब विभागाने विचारलं, तेच काका वर्षभर कंत्राटावर थांबतील का? ते हो म्हणाले. उत्तर नकाराचं आहे, मॅडम. होल्ड नाही, पक्का नकार. मला वाईट वाटतं."

म्हणजे तिने विचारलं नसतं, तर काकांना कुणी विचारलंच नसतं. हसू आलं तिला, कडू. काकांवर मात्र राग धरता येईना. किती प्रेमाने खोली दाखवली होती त्यांनी.

"स्पष्ट सांगितलंत, बरं झालं," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. फोन ठेवून तिने प्रयोगशाळेसोबत नव्या गावी जाणाऱ्यांच्या यादीवर सही केली.

घरी चपला काढताना प्रश्न आलाच. "आलं का काही?"

"आलं. नाही म्हणाले. मी तिकडे जाते म्हणून कळवलंय, बाबा."

आता ते वाक्य येणार म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. वडील काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"दोन महिने तू मलाही टांगून ठेवलंस गं," ते म्हणाले. "तिकडच्या घराला पायऱ्या किती असतील?"