शेवटाचा रकाना

पाचवीच्या बाईंनी गोष्ट लिहायला आठवडा ठरवून दिला होता. सोमवारी आराखड्याचा कागद भरायचा. त्यात पाच रकाने: कोण, कुठे, अडचण काय, ती सोडवायला काय केलं, शेवट. मंगळवारी बाकावरच्या जोडीदाराला गोष्ट तोंडी सांगायची. बुधवारी कच्चं लिखाण, एक ओळ सोडून एक. गुरुवारी मोकळ्या ओळींत दुरुस्त्या आणि शुक्रवारी पक्की प्रत. कच्च्या लिखाणात रबर वापरायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. बाईंची ही पद्धत चांगली होती आणि तिचा त्यांना थोडा गर्वही होता.

गुरुवार उजाडला आणि एका मुलीची वही कोरी होती. कोरी म्हणजे लिहून लिहून कोरी. ती नियम मोडून सारखी खोडायची, कागद पार झिरझिरीत करून टाकायची. वर्गात तिला खोडरबर म्हणत आणि तिने ते नाव निमूटपणे स्वीकारलं होतं.

शुक्रवारी गोष्ट पुरी झाली नाही तर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिला उजळणीच्या वर्गात टाकणार होत्या. हा वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरायचा. नाव उजळणी, पण तिथून परत वर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. खोडरबरची थोरली बहीण तिथेच गेली होती आणि वर्षभरात शाळा सोडून घरी बसली होती. आई शिलाईकाम करायची. सकाळी बोटाला चिंधी गुंडाळलेली, तशीच ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाई, एक गेली. हिला तरी वर ठेवा," एवढंच ती म्हणाली.

मधल्या सुट्टीत बाईंनी मुलीला शेजारी बसवलं, समजावलं, मग रागावल्या, मग त्यांना स्वतःच्याच रागाची लाज वाटली. काही केल्या पेन्सिल चालेना. शेवटी त्यांनी तिचा आराखडा मागून घेतला. पाचही रकाने सुबक भरलेले. कुत्रा हरवतो, मुलगी शोधते, कुत्रा सापडतो, सगळे आनंदी होतात. बाईंनी सोमवारी नमुना म्हणून फळ्यावर हेच लिहिलं होतं आणि पुसायचं राहून गेलं होतं. निम्म्या वर्गाचे कुत्रे हरवले होते.

"मग अडतंय कुठे?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "लिहायला लागलं की कुत्रा आनंदी होत नाही. तो दुसऱ्यांच्या घरी राहिलेला असतो. मग मी खोडते. आराखड्याच्या कागदावर सगळे आनंदी आहेत ना."

बाईंनी कपाळाला हात लावला. दोन दिवस ही पोर आराखड्याला जपण्यासाठी गोष्ट पुसत होती! आराखडा बदलता येतो, हे वर्गाला सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातलं रबर काढून घेतलं. "कागद चुकला, गोष्ट नाही. लिही, जाईल तिकडे जाऊ दे."

शाळा सुटली तरी ती लिहीत होती. शिपायाने दोनदा किल्ल्या वाजवल्या, बाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

शुक्रवारी मोठ्या बाई वर्गात आल्या. हातात उजळणीच्या वर्गाची यादी होती, नावं पेनाने लिहिलेली, त्यात खोडरबरचंही. त्यांनी खोडरबरची पक्की प्रत वाचली आणि आराखड्याशी ताडून पाहिली. गडबडीत शेवटाचा रकाना बदलायचा राहिला होता. वर्गबाई मध्ये बोलायला गेल्या तर मोठ्या बाईंनी नुसतं पाहिलं.

"इथे कुत्रा सापडतो लिहिलंय. गोष्टीत तर तो निघून जातो. जुळत नाही हे."

खोडरबर उभी राहिली.

"सापडतो ना. पण तो आम्हाला ओळखत नाही. दार उघडं ठेवलं तर त्या घरी जातो. त्याचा काही राग नाही आमच्यावर."

मोठ्या बाई पुन्हा शेवटच्या पानावर गेल्या. मग यादी बाकावर ठेवून त्यांनी पेन उघडलं. पेनाचं खोडता येत नाही हे ठाऊक असूनही मुलीने सवयीने खिशात हात घातला, पण रबर बाईंकडेच होतं.

"कच्च्या लिखाणात चुकलं तर काय करतेस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एक रेघ मारायची आणि पुढे जायचं."

त्यांनी तिच्या नावावर एक रेघ मारली. मुलगी खाली बसली. वर्गबाईंना हायसं वाटलं, डोळे भरून आले, आणि त्याच डोळ्यांनी त्यांनी यादी वाचली. खालची नावं तशीच होती.