पंप कंपनीचा आयपीओ आणि दाजी

गिऱ्हाईक चुकलं तर शेअरच्या एजंटाला त्याला झापता यायचं. पण थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला काय झापणार? ताई गेल्यापासून दाजींना आवरणारं कुणी उरलं नव्हतं. ते रोज सकाळी त्याच्या ऑफिसात येऊन बसायचे आणि उठायचं नाव घ्यायचे नाहीत.

त्यात त्या पंप कंपनीचा आयपीओ आला. तिच्याच ओतशाळेत दाजींनी लोखंड वितळवत जन्म काढला होता.

"मला त्यातले शेअर हवेत," दाजी म्हणाले. "लेक्चर नको."

"द्यावं लागतं, दाजी. कंपनी पहिल्यांदाच बाहेरच्या लोकांना शेअर विकतेय. आयपीओत सुटा शेअर मिळत नाही, गठ्ठा मागावा लागतो. त्याला लॉट म्हणतात. भाव कंपनीने दिलेल्या या दोन आकड्यांच्या दरम्यान ठरेल. ठरेल तो मान्य, असं आपण लिहू. म्हणजे वरच्या आकड्याने पैसे अडकतील."

"अडकतील? मग सुटणार कधी?"

"खात्यातच राहतात हो! फक्त तुम्हाला वापरता येत नाहीत. शेअर मिळाले तर कापले जातात, नाही मिळाले तर मोकळे होतात. फोनवर मंजुरीचा मेसेज येईल, त्याला हो म्हणा."

दाजींनी मान डोलावली. एजंटाने अर्ज भरला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर अर्जावर मंजुरीच नाही.

"मेसेज आला होता की," दाजी म्हणाले. "पैसे मागत होता. मी सरळ नाही म्हटलं. अनोळखी कुणी पैसे मागितले की नाही म्हणा, असं तूच बजावलं होतंस."

"अनोळखी, दाजी! हा आपलाच अर्ज होता!"

"त्याच्यावर तुझं नाव कुठे होतं?"

एजंटाने डोळे मिटले. नशीब, अर्जाची मुदत अजून संपायची होती. जुना अर्ज रद्द करून त्याने नवा भरला आणि दाजींना समोर बसवून मंजुरी द्यायला लावली.

"पिन टाकतोय, तू तिकडे बघ," दाजी म्हणाले. एजंट मुकाट्याने भिंतीकडे बघत राहिला.

काम झालं असं वाटतंय तोवर दाजी उठले. "बँकेतूनही एक अर्ज टाकून येतो. दोन अर्ज, दुप्पट चान्स."

"बसा!" एजंट ओरडला आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, बसा ना. एका माणसाचे दोन अर्ज सापडले की दोन्ही बाद."

"मग याच अर्जात पाच लॉट माग."

"उपयोग नाही. अर्ज इतके आलेत की लहान गुंतवणूकदारांत प्रत्येकाला एक लॉटही पुरणार नाही. अशा वेळी सोडत काढतात. नंबर लागला तर एकच लॉट. एक मागणाऱ्याचा चान्स जेवढा, तेवढाच पाच मागणाऱ्याचा."

"ही कसली पद्धत!" दाजी वैतागले, जणू ती एजंटानेच काढली होती.

वाटप जाहीर झालं. दाजींचा नंबर लागला नाही.

"वशिला लाव की कुणाचा."

"सोडत कंप्युटर काढतो. त्याला कुणाचा वशिला लावू? पैसे मोकळे होतील, काळजी करू नका."

"पैशांचं कोण बोलतंय?" दाजी म्हणाले आणि चहा न पिताच निघून गेले.

कंपनीचा शेअर बाजारात आला त्या दिवशी मात्र ते इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पडद्यावर भाव आयपीओपेक्षा बराच वर उघडला होता.

"हे काय चाललंय?"

"लिस्टिंग. ज्यांना मिळाले ते विकतायत, ज्यांना नाही मिळाले ते घेतायत. दोघांच्या ओढाताणीत भाव ठरतो."

"म्हणजे आता कुणीही घेऊ शकतो?"

"हो. आता लॉटची अटही नाही, एकसुद्धा मिळतो. पण आज महाग आहे. थांबा जरा, उतरेल."

दाजी पडद्याजवळ सरकले. "कंपनीच्या सभेत उठून बोलायला किती शेअर लागतात?"

"वार्षिक सभेत? एक पुरतो. का?"

"ओतशाळेतला धूर ओढायचा पंखा बंद पडलाय. मी होतो तेव्हापासून. पोरं अजून तोच धूर खातायत. तक्रार केली की साहेब म्हणायचा, तू कंपनीचा मालक आहेस का?"

एजंट उसळला. "अहो, मग हे आधी सांगायचं नाही का? मंजुरी, सोडत, माझं रक्त आटवलंत! लिस्टिंगनंतर एक शेअर घ्या, एवढंच सांगितलं असतं मी!"

"तू विचारलंस कुठे? तुला वाटलं, म्हाताऱ्याला पैशाची हाव सुटलीय."

एजंटाला अगदी तसंच वाटलं होतं.

त्याने एका शेअरची ऑर्डर टाकली. ती लगेच पुरी झाली. "एकदोन दिवसांत तुमच्या डीमॅट खात्यात दिसेल. सभेची नोटीस येईल, बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. आणि तिथे दोनतीन मिनिटांच्या वर बोलू देत नाहीत."

"दोन मिनिटांत? अरे, नुसता पंखा कधी बसवला होता ते सांगायलाच..."

"तेच तर! तुम्ही सुरुवात स्वतःच्या लग्नापासून करता." एजंटाने फोन बाजूला ठेवला आणि खुर्ची वळवली. "उभे राहा. मी सभेचा अध्यक्ष. बोला, बघू कुठे कापायचं ते."