होय, मीच ती

कृत्रिम पाय बनवणं हा माझा धंदा. परदेशातल्या परिषदेत माझ्या नव्या पायावर जिना उतरणाऱ्या बाईंची फिल्म दाखवायची होती, तीच बघून कारखानदार तो बनवायचा की नाही हे ठरवणार होते. प्रवासात माझा फोन पाण्यात पडून बंद पडला, म्हणून सभागृहाच्या कॉम्प्युटरवरून फिल्म ठेवलेलं माझं ऑनलाइन खातं उघडायला गेले. पडद्यावर आलं: प्रवेश रोखला आहे, खातं तात्पुरतं बंद.

अंगाचा तिळपापड झाला. मग आठवलं, माझा जुना फोन आईकडे आहे आणि त्यात माझं खातं अजून चालू आहे. अनोळखी देशातून कोणी शिरतंय, ते तुम्हीच का, हा प्रश्न तिकडे गेला असणार. आणि असलं काही आलं की डोळे मिटून 'नाही' दाबायचं, ही शिकवण माझीच!

आयोजकबाईंच्या फोनवरून आईला लावला.

"आई, मी बोलतेय."

"कोण मी? नंबर बाहेरचा आहे. माझ्या लेकीचा मला पाठ आहे."

"अगं, माझा फोन बिघडलाय!"

"सगळे चोर हेच सांगतात. आत्ताच एकाला हाकललंय मी, 'नाही' दाबून."

"तो चोर मीच होते!"

"बघा, स्वतःच कबूल केलं."

आयोजकबाई घड्याळाकडे बघत होत्या. माझा तोल गेला. "आई, पुरे! प्रत्येक वेळी मी घाईत असताना तुला शहाणपण सुचतं! चष्मा डोक्यावर असेल, तो आधी डोळ्यांवर घे आणि मी सांगते ते कर!"

"हां, आता पटलं. चोर एवढ्या हक्काने ओरडत नाही. सांग."

फोन ओळखीचा, घरही नेहमीचं, त्यामुळे खातं पुन्हा सुरू करायला तिला तिथून पासवर्ड बदलता आला. फोनच्या लॉकचा आकडा टाकून तिने माझ्या सांगण्याप्रमाणे एकेक अक्षर भरलं. नवा पासवर्ड मी इकडे टाकला, तसा माझ्या पडद्यावर बासष्ट हा आकडा आला.

"तुझ्याकडे आता तीन आकडे दिसतील. बासष्टवर दाब."

"आधी फोन विचारतोय, तूच का म्हणून."

"मग काय सांगशील?"

"होय म्हणते. माझीच आहे ती."

खातं उघडलं. फिल्म चालली. बाई जिना उतरल्या, कठड्याला हात न लावता, आणि सभागृह उठून उभं राहिलं. माझा ऊर अभिमानाने भरून आला. पुढच्या रांगेतल्या कारखानदाराने विचारलं, "रुग्णांच्या या फिल्म तुमच्याकडे सुरक्षित असतात ना?"

"त्यांच्यावर माझ्या आईचा पहारा आहे," मी म्हटलं. "मघाशी तिने मलाही आत सोडलं नव्हतं."