फ्रिजवरची सूट

या माउली, जरा जवळ सरकून बसा. पिंपळे गुरवच्या एका लग्नातली गोष्ट सांगते.

नवरी दिव्या हिला तिच्या चौघा चुलत भावंडांनी मिळून फ्रिज द्यायचं ठरवलं. किंमत चोवीस हजार. वाकडची विजयश्री दहा हजार देणार, सुजित सहा, समाधान पाच आणि स्नेहल तीन. समाधानने दुकानात सगळी रक्कम आधीच भरली; बाकीच्यांनी आपापला वाटा त्याला पाठवायचा होता.

लग्नाच्या दिवशी सुजितला खोक्यावर चिकटवलेलं बिल दिसलं. एकवीस हजार सहाशे. कार्डावर चोवीसशेची सूट मिळाली होती, आणि समाधानने त्याचा शब्दही काढला नव्हता.

सुजितने त्याला मांडवाच्या कडेला गाठलं. "काय राव, सूट एकट्यानेच जिरवली व्हय?"

"तसं नाही."

"मग कुणाचे किती आले, दाखव. नाहीतर विजूताईला बोलावतो."

समाधानने नाइलाजाने मोबाइल पुढे केला. विजयश्रीचे दहा हजार आणि सुजितचे सहा हजार आले होते. स्नेहलचे मात्र फक्त सहाशे. तिच्या नवऱ्याची महाळुंग्यातली नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती.

"सूट तिच्या वाट्यात घातली," समाधान म्हणाला. "तिलाही माहीत नाही. फ्रिज स्वस्तात मिळाला, तुझ्या वाट्याला सहाशेच आले, असं सांगितलंय."

तेवढ्यात माइकवर आहेर पुकारला गेला. चौथं नाव स्नेहलचं आलं, तशी तिने पदर सावरला आणि सासूकडे पाहिलं.

"काय रे, काय चाललंय?" विजयश्रीने येऊन विचारलं.

"काही नाही ताई," सुजित म्हणाला. "जेवायला चल."

माउली, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या समाधानचंही नाव घ्या.